शंभर आमंत्रणं, पाच चिठ्ठ्या

लिंक्डइनवर कनेक्टचं बटण भराभर दाबत गेलं की एका टप्प्यावर पडद्यावर सूचना येते: या आठवड्याची आमंत्रणांची मर्यादा संपली आहे. त्यानंतर कितीही दाबलं तरी आमंत्रण जात नाही. ग्राहक सेवेला लिहूनही उपयोग होत नाही, कारण हे बंधन त्यांच्या हातानं लवकर सुटत नाही. साधारण आठवडाभर थांबलं की ते आपोआप उठतं. नोकरी शोधणाऱ्या मुलामुलींना ही सूचना बहुधा नको त्या वेळी भेटते. एखाद्या रविवारी उत्साहानं बसून त्यांनी सगळी आमंत्रणं वाटून टाकलेली असतात आणि बुधवारी ज्या माणसाशी खरोखर जोडून घ्यायचं असतं, तो समोर दिसत असूनही आमंत्रण पाठवता येत नाही.

ही मर्यादा नेमकी किती, ते कंपनी जाहीर करत नाही. वापरणाऱ्यांचा अनुभव आठवड्याला शंभरच्या आसपासचा आहे. नवं खातं असेल किंवा आधीची बरीच आमंत्रणं लोकांनी नाकारली असतील, तर ती याहून खाली येते. २०२१ च्या आधी परिस्थिती बरीच सैल होती. लोक दिवसाला शंभरावर आमंत्रणं पाठवत, आणि हे काम आपोआप करणारी सॉफ्टवेअरं सर्रास वापरली जात. ज्यांच्या पेटीत ही आमंत्रणं येऊन पडत, ते वैतागले होते. त्यानंतर आठवड्याचा हिशोब आला.

याच्या जोडीला आणखी एक मर्यादा आहे आणि माझ्या मते खरी ती आहे. आमंत्रणासोबत चार ओळींची चिठ्ठी जोडता येते. पैसे न भरणाऱ्या सभासदाला ही चिठ्ठी पूर्वी ३०० अक्षरांची मिळत असे आणि हव्या तितक्या लिहिता येत. आता ती २०० अक्षरांवर आली आहे आणि महिन्याला जेमतेम तीन ते पाच चिठ्ठ्या मिळतात. ३०० अक्षरं हवी असतील तर प्रीमियमचे पैसे भरावे लागतात. म्हणजे ज्याच्याकडे पैसे नाहीत, जो नोकरीच्या शोधात आहे, त्याच्याकडे महिन्याला चारेकशे बिनचिठ्ठीची आमंत्रणं आणि हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या चिठ्ठ्या असतात. आठवड्याच्या शंभराची चिंता बहुतेकांनी करू नये, तितक्या लोकांना बोलावण्याचं त्यांना कारणच नसतं. चिंता करायची ती त्या पाच चिठ्ठ्यांची, आणि बाकीच्यांना चिठ्ठीशिवाय आपण कसे दिसतो याची.

मंडळी आमंत्रण कसं नाकारतात, हेही समजून घ्यायला हवं. आमंत्रण मिळालेला माणूस ते स्वीकारतो, दुर्लक्षित करतो किंवा नुसतं पडू देतो. दुर्लक्षित केल्यावर त्याला आणखी एक पर्याय दिसतो, तो म्हणजे ‘मी या व्यक्तीला ओळखत नाही’ असं कळवण्याचा. असं पुरेशा लोकांनी कळवलं की आपल्या खात्यावर बंधनं येतात. काही वेळा तर समोरच्याचा ईमेल पत्ता माहीत असल्याशिवाय आमंत्रण पाठवताच येत नाही. नुसती पडून राहिलेली आमंत्रणंही आपल्या विरोधातच मोजली जातात. त्यामुळे मर्यादा सगळ्यांना सारखी नसते. लोक आपल्याला होकार देतात की नाही, त्यावर ती ताणते किंवा आवळते. ज्यानं निवडून बोलावलं त्याला ती बहुधा कधी भेटतच नाही.

मग बोलवायचं कोणाला? याचं उत्तर बऱ्याच जणांच्या मनात तयार असतं: मोठ्या माणसांना. कंपनीचे एचआर प्रमुख, संचालक, मोठ्या पदावरचे अनोळखी लोक. मला ही दिशा चुकीची वाटते, आणि त्यामागे नुसतं मत नाही, बराच अभ्यास आहे.

मार्क ग्रॅनोव्हेटर या अमेरिकी समाजशास्त्रज्ञानं बॉस्टनजवळच्या न्यूटन गावातल्या, नुकतीच नोकरी बदललेल्या लोकांना विचारलं होतं, की ज्या ओळखीतून ही नोकरी कळली त्या माणसाला तुम्ही किती वेळा भेटत होता? वारंवार भेटणारे निघाले जेमतेम १७ टक्के. अधूनमधून भेटणारे ५६ टक्के आणि क्वचित भेटणारे २८ टक्के. १९७३ साली त्यांनी यावर लिहिलेला निबंध समाजशास्त्रात प्रसिद्ध आहे. त्याचं म्हणणं असं, की जवळच्या माणसांना जे माहीत असतं ते आपल्यालाही माहीत असतंच. नवी बातमी येते ती थोड्या लांबच्या ओळखीतून.

पन्नास वर्षांनी याची पडताळणी थेट लिंक्डइनवर झाली. ‘तुम्ही यांना ओळखत असाल’ अशी यादी लिंक्डइन दाखवतं, ती सगळ्यांनी पाहिली असेल. ती बनवण्याच्या पद्धतीत कंपनीनं काही वर्षं प्रयोग केले होते. काहींना जवळच्या लोकांची नावं जास्त दाखवली, काहींना लांबच्यांची. दोन कोटींहून अधिक सभासदांचा पाच वर्षांचा हा डेटा कंपनीतल्या आणि एमआयटी, हार्वर्ड, स्टॅनफर्ड इथल्या संशोधकांनी तपासला. २०२२ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात त्याचा निष्कर्ष आला. जवळीक मोजायला त्यांनी वापरलेलं एक माप आपल्यालाही पडद्यावर दिसतं, ते म्हणजे दोघांमधल्या सामायिक ओळखींची संख्या. अगदी जवळचे लोक नोकरी बदलायला कमी उपयोगी पडले. पण अगदी लांबचे, ज्यांच्याशी एकही सामायिक ओळख नाही असे लोकही फारसे उपयोगी पडले नाहीत. सर्वांत जास्त उपयोग झाला तो दहाच्या आसपास सामायिक ओळखी असलेल्यांचा.

या अभ्यासाचा दुसरा भाग कमी चर्चिला गेला, तो आपल्याकडच्या मुलांसाठी जास्त महत्त्वाचा आहे. लांबच्या ओळखींचा फायदा सॉफ्टवेअरसारख्या, संगणकावर चालणाऱ्या क्षेत्रांत स्पष्ट दिसला. ज्या व्यवसायात काम अजून हातानं, यंत्रावर, जागेवर होतं, तिथं जवळच्या ओळखींचं पारडं जड निघालं. पुण्यात हिंजवडीच्या आयटी कंपनीत जाऊ पाहणाऱ्यानं आणि कोल्हापूरच्या फाउंड्रीतून चाकणला जाऊ पाहणाऱ्यानं एकाच पद्धतीनं आमंत्रणं पाठवू नयेत.

तो फाउंड्रीचाच दाखला घेऊ. समजा, एक मुलगी आहे. मेकॅनिकल इंजिनिअरिंग करून चार वर्षं शिरोली एमआयडीसीतल्या फाउंड्रीत क्वालिटी सांभाळते आहे. तिच्या कारखान्यात वाळूच्या साच्यात लोखंड ओतून ट्रॅक्टरचे आणि गाड्यांचे भाग बनतात. तिचं काम म्हणजे वाळूतला ओलावा बघणं, कास्टिंगमधले दोष शोधणं, रिजेक्शन का वाढलं याचा अहवाल लिहिणं. तिला आता ग्राहकाच्या बाजूला जायचं आहे. पुणे-चाकणच्या वाहन कंपन्यांत सप्लायर क्वालिटी नावाचा विभाग असतो. पुरवठादारांच्या कारखान्यात जाऊन त्यांची पद्धत तपासणं, दोष आला तर मूळ कारण शोधून घेणं हे त्यांचं काम. फाउंड्री आतून माहीत असलेला माणूस त्यांना हवाच असतो, पण अशा जागा पेपरात क्वचित येतात. लिंक्डइनवर तिच्या १४० ओळखी आहेत, बहुतेक कॉलेजच्या बॅचमधल्या.

तिनं पहिल्याच दिवशी चाकणच्या सप्लायर क्वालिटीतल्या लोकांचा शोध घेतला, तर तिला शेकडो नावं मिळतील आणि जवळपास सगळ्यांशी सामायिक ओळख शून्य किंवा एक दिसेल. इथं थांबावं. या लोकांना आत्ता आमंत्रण पाठवणं म्हणजे ‘ओळखत नाही’ हे उत्तर मागवणं आहे. दहा सामायिक ओळखींचा आकडा ज्यांच्या ओळखी आधीच काही शेकड्यांत आहेत त्यांच्यासाठी अर्थपूर्ण आहे. १४० ओळखींच्या खात्यात दहा सामायिक ओळखी असलेला माणूस म्हणजे बहुधा तिचा वर्गमित्रच. म्हणून पहिला महिना तिनं चिठ्ठी न वापरता, ज्यांना ती प्रत्यक्ष माहीत आहे अशांना जोडून घ्यावं. याच कारखान्यात काम केलेले आणि सोडून गेलेले. शेजारच्या फाउंड्रीतले क्वालिटीवाले. वाळू, बेंटोनाइट, रेझिन पुरवणाऱ्या कंपन्यांचे सेल्स इंजिनिअर. पॅटर्न बनवणारे आणि मशीनशॉपचे लोक. कोल्हापुरात फाउंड्रीचा धंदा एकमेकांत इतका गुंतलेला आहे की अशी साठ-सत्तर माणसं तिला सहज आठवतील.

यात सेल्स इंजिनिअरला मी फार महत्त्व देईन. जो माणूस बेंटोनाइट विकतो, तो कोल्हापूर, सांगली, सातारा, पुणे असा महिनाभर फिरत असतो. कुठल्या कारखान्यात काय अडलंय आणि कोण कुठून निघाला, हे त्याला माहीत असतं. त्याच्या ओळखी पन्नास कारखान्यांत पसरलेल्या असतात. तो एकटा जोडला गेला की चाकणच्या कितीतरी लोकांशी तिची सामायिक ओळख शून्यावरून एकावर येते. असे चार जण आणि जुने सहकारी मिळून तीन-चार महिन्यांत हा आकडा पाचावर, सातावर जातो. तेव्हा तीच चाकणची यादी पुन्हा उघडावी.

ही पहिली साठ-सत्तर आमंत्रणंही तिनं एका दिवसात पाठवू नयेत, आठवड्याला पंधरा-वीस पुरे आहेत. कारण मर्यादेचं नाही. तिला बघायचं आहे की लोक होकार देतायत का. चिठ्ठीशिवाय आमंत्रण गेलं की समोरच्याला तिचा फोटो, नाव, नावाखालची ओळ आणि सामायिक ओळखींचा आकडा इतकंच दिसतं. त्यात तिच्या हातात असलेली गोष्ट म्हणजे नावाखालची ओळ, जिला लिंक्डइन हेडलाइन म्हणतं. तिथं २२० अक्षरं मिळतात, म्हणजे चिठ्ठीपेक्षा जास्त, तीही फुकट आणि प्रत्येक आमंत्रणासोबत जाणारी. बहुतेकांच्या हेडलाइनमध्ये नुसतं ‘इंजिनिअर’ आणि कंपनीचं नाव असतं, किंवा ‘संधीच्या शोधात’ असं काहीतरी. तिनं लिहावं: क्वालिटी इंजिनिअर, ग्रे आयर्न फाउंड्री, ग्रीन सँड, कास्टिंग दोषांचं विश्लेषण, कोल्हापूर. चाकणच्या माणसाला ही ओळ दिसली की चिठ्ठीची गरज निम्म्यानं कमी होते. हेडलाइन नीट न करता आमंत्रणं पाठवायला लागणं ही मला दिसणारी सर्वांत महागडी चूक आहे.

दुसरी चूक नकळत होते. मोबाइलवर ‘तुम्ही यांना ओळखत असाल’ या यादीतलं कनेक्ट दाबलं की काही न विचारता आमंत्रण लगेच जातं, चिठ्ठी जोडायची संधीच मिळत नाही. चिठ्ठी पाठवायची असेल तर त्या माणसाच्या प्रोफाइलवर जाऊन पाठवावी. मोबाइलवर हा पर्याय बऱ्याचदा ‘मोअर’च्या आत दडलेला असतो. तसंच फोनमधली संपर्कांची यादी लिंक्डइनला जोडून सगळ्यांना एकदम बोलावण्याची जी सोय दिसते, तिच्यापासून दूर राहावं. गॅसवाला, घरमालक, जुन्या शिकवणीचे सर, सगळ्यांना आमंत्रण जातं, बरेच जण लिंक्डइनवर नसतातच, आणि पडून राहिलेल्या आमंत्रणांचा ढीग होतो.

आता चिठ्ठ्या. तिला या महिन्यात पाच मिळाल्या आहेत असं धरू. कोणाला चिठ्ठी लागते? ज्याला तिचं प्रोफाइल बघून ‘ही मला का जोडतेय’ हे कळणार नाही, पण कारण सांगितलं तर पटेल, अशा माणसाला. वर्गमित्राला चिठ्ठी नको, तो ओळखतो. तिच्या कारखान्यातून ती यायच्या आधी गेलेल्या ज्येष्ठालाही नको. दोघांच्या प्रोफाइलवर एकच कंपनी आहे आणि सामायिक ओळखी पंधरा आहेत, त्याला सगळं दिसतंच. कंपनीच्या उपाध्यक्षाला चिठ्ठी लिहूनही उपयोग नाही. तिला त्याच्याकडून जे हवंय ते त्याचं लिखाण आणि कंपनीच्या बातम्या, आणि त्यासाठी फॉलो पुरतं. फॉलो करायला कोणाची परवानगी लागत नाही आणि आठवड्याच्या आमंत्रणांतूनही ते वजा होत नाही. एका खात्याला जास्तीत जास्त ३०,००० ओळखी ठेवता येतात, त्यामुळे फार प्रसिद्ध लोकांची जागा भरलेली असते किंवा त्यांनी कनेक्टऐवजी फॉलोचंच बटण पुढे ठेवलेलं असतं.

तिनं अशी निवड केली. पहिली चिठ्ठी चाकणच्या एका वाहन कंपनीत सप्लायर क्वालिटीत असलेल्या बाईंना. त्या कास्टिंगच्या दोषांवर अधूनमधून लिहितात. ओलावा जास्त झाला की ओतलेल्या धातूच्या उष्णतेनं त्याची वाफ होते, ती बाहेर पडू शकली नाही तर कास्टिंगमध्ये पोकळ्या राहतात, त्यांना ब्लोहोल म्हणतात. बाईंची यावरची पोस्ट हिनं वाचली होती आणि आपल्या कारखान्यात ओलावा मोजायची वेळ बदलून घेतली होती. दुसरी चिठ्ठी कॉलेजच्या एका माजी विद्यार्थ्याला. कॉलेजच्या लिंक्डइन पानावर माजी विद्यार्थ्यांचा विभाग असतो. तिथं कोण कुठं राहतं, कुठं आणि काय काम करतं, यावरून चाळणी लावता येते. पुणे, क्वालिटी आणि वाहन कंपनी असं निवडल्यावर तिला नऊ जण मिळाले आणि त्यातला एक असा निघाला, जो स्वतः फाउंड्रीतून तिकडे गेला होता. तिसरी चिठ्ठी गेल्या ऑगस्टमध्ये तिच्या कारखान्यात ऑडिटला आलेल्या गृहस्थांना. ते वर्षात शंभर कारखाने बघतात, त्यांना चेहरा आठवणार नाही, पण कुठल्या ऑडिटमध्ये कुठल्या मुद्द्यावर बोललो हे लिहिलं तर आठवेल.

उरलेल्या दोन तिनं ठेवून दिल्या. हे मला फार महत्त्वाचं वाटतं. चिठ्ठीचं खरं कारण महिन्याच्या मधेच उगवतं. इन्स्टिट्यूट ऑफ इंडियन फाउंड्रीमेनच्या कोल्हापूर चॅप्टरचा कार्यक्रम होतो, कोणी व्याख्यान देतं, चहाच्या वेळी दोन वाक्यं बोलणं होतं. त्याच रात्री गेलेल्या चिठ्ठीला जो होकार मिळतो, तो एरवी क्वचित मिळतो. एक तारखेलाच पाचही चिठ्ठ्या संपवलेल्या असल्या की त्या रात्री हात रिकामे असतात.

लिहायचं काय? बहुतेक मुलं हे लिहितात:

“नमस्कार सर, मी मेकॅनिकल इंजिनिअर असून मला आपल्या नामांकित कंपनीत काम करण्याची इच्छा आहे. माझा बायोडेटा पाहून योग्य संधी असल्यास कळवावे, ही नम्र विनंती.”

नम्र आहे, शुद्ध आहे आणि २०० अक्षरांत आरामात बसतं. पण हे कोणीही कोणालाही लिहू शकतो, आणि यात समोरच्यावर दोन कामं टाकली आहेत: बायोडेटा बघा, नोकरी शोधा. पहिल्याच भेटीत अनोळखी माणसाला काम दिलं की तो ते पुढं ढकलतो, आणि आमंत्रण पडून राहतं. तिनं बाईंना लिहिलं:

“नमस्कार मॅडम. मी कोल्हापुरात फाउंड्रीत क्वालिटी बघते. वाळूतल्या ओलाव्यामुळे येणाऱ्या ब्लोहोल्सवरची तुमची पोस्ट वाचून आम्ही तपासणीची वेळ बदलली. त्यावर एक प्रश्न विचारायचा आहे.”

इथं स्वतःचं नाव नाही, कारण ते चिठ्ठीच्या शेजारी छापलेलंच असतं. नोकरीचा उल्लेख नाही. बाईंच्या कामाशी जोडलेली, खरी असल्याशिवाय लिहिता न येणारी एक गोष्ट आहे, आणि जोडून घेण्याचं कारण आहे, प्रश्न विचारायचाय. नुसतं ‘तुमचं लिखाण आवडतं’ असं लिहिलं असतं, तर बाईंनी मनात म्हटलं असतं की मग फॉलो करावं की. माजी विद्यार्थ्याला तिनं असं लिहिलं:

“नमस्कार सर. मी आपल्याच कॉलेजची, मेकॅनिकल २०२१. सध्या कोल्हापुरात फाउंड्रीत. फाउंड्रीतून सप्लायर क्वालिटीकडे तुम्ही कसे वळलात, ते समजून घ्यायचं आहे.”

मराठीत लिहिताना अक्षरांची मोजणी फसवते, हे इथं सांगायला हवं. संगणक काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार आणि जोडाक्षरातला लपलेला हलन्त ही सगळी वेगवेगळी चिन्हं म्हणून मोजतो. ‘क्वालिटी’ डोळ्याला तीन अक्षरं दिसते, मोजणीत ती आठ होते. ‘नमस्कार’ सातचा. ‘कोल्हापुरात’ अकराचा. बाईंना लिहिलेली वरची चिठ्ठी या हिशोबानं १७४ ची आहे. जोडाक्षरांनी भरलेले शासकीय वळणाचे शब्द इथं फार महाग पडतात. ‘कार्यरत आहे’ ऐवजी ‘काम करते’ लिहिलं की दोनतीन चिन्हं वाचतात आणि वाक्य बोलल्यासारखं होतं. तरीही ‘नमस्कार मॅडम’ची तेरा-चौदा चिन्हं वाचवू नयेत. आपल्याकडे वयानं, अनुभवानं मोठ्या माणसाला थेट मुद्द्यावर येऊन लिहिलं की ते खटकतं. समोरच्याचं प्रोफाइल आणि लिखाण पूर्ण इंग्रजीत असेल तर इंग्रजीतच लिहावं. मराठी माणूस आहे म्हणून मराठीचा आग्रह नको, त्याला सोयीचं ते वापरावं.

कामावर असताना दुसरीकडे बघणाऱ्यांची एक काळजी खरी आहे. कोल्हापूरसारख्या ठिकाणी सगळे एकमेकांना ओळखतात, मालकाच्या मुलापासून सुपरवायझरपर्यंत सगळे लिंक्डइनवर तिच्याशी जोडलेले असतात. तिच्या ओळखींच्या यादीत आठवड्यात चाकणची बारा नावं आली तर कोणाच्याही लक्षात येईल. सेटिंगमध्ये आपल्या ओळखींची यादी इतरांना न दिसण्याची सोय आहे, ती आधी लावून घ्यावी. सामायिक ओळखी तरीही दिसतात, पण पूर्ण यादी उघडी राहत नाही. आणि ज्या ग्राहकाचा माल सध्या तिच्या हातून जातो, त्या ग्राहकाच्या माणसाला ‘मला तुमच्याकडे यायचंय’ असं चिठ्ठीत लिहू नये. त्यानं ते सहज तिच्या साहेबांना सांगितलं तर तो दोष त्याचा नाही. कामातला प्रश्न विचारावा, ते दोघांच्याही मर्यादेत बसतं.

होकार आला की चिठ्ठीचं काम संपतं. ओळख जुळलेल्या माणसाला संदेश पाठवायला २०० अक्षरांचं बंधन नाही आणि पैसेही लागत नाहीत. म्हणून चिठ्ठीत सगळं कोंबण्याची गरजच नसते. तिनं दुसऱ्या दिवशी बाईंना आपला प्रश्न सविस्तर लिहिला: पावसाळ्यात सकाळच्या पाळीत ओलावा वर जातो, आम्ही दर तासाला मोजतो, तुमच्या पुरवठादारांकडे याहून वेगळं काय करतात? उत्तर चार दिवसांनी आलं. त्या संवादात, तिसऱ्या-चौथ्या संदेशात, तिनं लिहिलं की मला या कामात यायचंय आणि माझ्यात काय कमी आहे ते सांगाल का. जागा आहे का, हे तिनं विचारलं नाही. जागा निघाली तर हिचं नाव आठवण्याइतकी ओळख आता झाली आहे.

ज्यांचा होकार आला नाही त्यांचं काय, हे बघायला महिन्यातून एकदा पाठवलेल्या आमंत्रणांची यादी उघडावी. ‘माय नेटवर्क’मधल्या ‘मॅनेज’मध्ये ‘सेंट’ या नावाखाली ती असते. उत्तर न मिळालेलं आमंत्रण सहा महिन्यांनी आपोआप मरतं. मधल्या काळात लिंक्डइन समोरच्याला स्वतःहून आठवणही करतं, त्यामुळे आपण दुसरीकडून ‘माझी रिक्वेस्ट बघितली का’ असं विचारायला जाऊ नये. बिनचिठ्ठीची साठ आमंत्रणं गेली आणि तीन आठवड्यांत चाळीस-पन्नास स्वीकारली गेली, तर निवड बरोबर आहे. वीसच आली तर पुढची पाठवणं थांबवावं आणि बघावं, फोटो आहे का, हेडलाइन काय सांगते, मी खरंच ओळखीच्यांना पाठवली का. माझ्या अनुभवात अशा वेळी दोष बहुधा हेडलाइनमध्ये सापडतो.

जुनी, दोन-तीन महिन्यांची पडून राहिलेली आमंत्रणं मागे घ्यावीत, समोरच्याला त्याची सूचना जात नाही. पण मागे घेतल्यावर त्याच माणसाला सुमारे तीन आठवडे पुन्हा आमंत्रण पाठवता येत नाही. ज्याला पुढच्या आठवड्यात एखाद्या कार्यक्रमात भेटण्याची शक्यता आहे, त्याचं आमंत्रण मागे न घेता तसंच राहू द्यावं. भेट झाली, दोन शब्द बोलणं झालं, तर तो घरी जाऊन तेच जुनं आमंत्रण स्वीकारतो आणि ठेवून दिलेल्या दोन चिठ्ठ्यांपैकी एकही खर्च होत नाही.